बाळ कमी झोपतं, की बाळाला झोप कमी पडते? घरी करायची तीन आठवड्यांची तपासणी

"सिस्टर, ओवी झोपतच नाही हो."

ओवीचं खरं नाव वेगळं आहे, पण वाक्य अगदी हेच. इंदूरमधल्या बालरोग दवाखान्यात काम करताना आठवड्यातून दोनदा तरी ते कानावर यायचं. आई रडकुंडीला आलेली, आजी "दृष्ट लागलीय" म्हणणारी, आणि मांडीवरचं आठ महिन्यांचं बाळ माझ्या पेनवर झडप घालणारं, डोळे लख्ख उघडे. अशा बाळांतली बरीचशी मुळातच कमी झोपेची असतात. काहींना मात्र खरंच त्रास असतो. दोन्ही घरांतली तक्रार शब्दाला शब्द सारखी असते, त्यामुळे नुसतं ऐकून फरक कळत नाही. तो मोजून आणि बघून काढावा लागतो.

घोळ होतो तो क्रमात. बहुतेक घरं उपायापासून सुरुवात करतात: बाळाला लवकर आडवं करा, पोट जड करा, घुटीत जायफळ वाढवा. मोजणं शेवटी येतं, किंवा येतच नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पाचवा टप्पा आधी केलात तर पहिल्या चारांतून काहीच कळणार नाही.

## सुरू करण्याआधी

ही पद्धत साधारण चार महिने ते दीड वर्ष या वयासाठी आहे. चार महिन्यांच्या आत बाळाचं दिवस-रात्रीचं घड्याळच बसलेलं नसतं, तिथे या हिशोबाला अर्थ नाही. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करा. दोन महिने आधी आलेलं सहा महिन्यांचं बाळ झोपेच्या बाबतीत चार महिन्यांचंच धरायचं.

तीन आठवडे असे निवडा की त्यात लस, प्रवास, घरचं लग्न किंवा पाहुण्यांचा मुक्काम नसेल. सर्दी-ताप असेल तर तो उतरून चार दिवस जाऊ द्या. गणपतीचे दिवस तर सोडाच. अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला अख्खं इंदूर रात्रभर जागं असतं, त्यात बाळाची सवय काय कळणार?

झोपेसाठी म्हणून बाळाला जे जे देताय ते आधी बंद करा. घुटीत जायफळाचे वेढे वाढवणं ही आपल्या घरांतली जुनी युक्ती आहे, पण जायफळ जास्त गेलं तर बाळ गुंगीत जातं, आणि ती गुंगी म्हणजे झोप नव्हे. सर्दीच्या औषधाने येणारी पेंगही तशीच. प्रोमेथाझिनसारखं औषध दोन वर्षांच्या आत द्यायचंच नसतं, कारण त्याने श्वास मंदावू शकतो. माळव्यात अफूची बाळगोळी द्यायची रीत होती, ती अजून कुणी "आमच्याकडे चालते" म्हणून सुचवली तर हात जोडा आणि नको म्हणा.

थांबा: पुढच्यापैकी काही दिसत असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झोपेत ओठ निळसर पडणं, श्वास वीस सेकंद किंवा त्याहून जास्त थांबणं, बाळाला जागं करणं अवघड जाणं, दूध एकदम तुटणं, लंगोट नेहमीपेक्षा बरेच कमी ओले होणं. आणि आतापर्यंत बारा तास झोपणारं बाळ अचानक आठ तासांवर आलं तर तो स्वभाव नव्हे. कमी झोपेचं बाळ पहिल्यापासून कमी झोपतं. अचानक बदल झाला तर कान, ताप, दात, नाहीतर नुकतंच शिकलेलं रांगणं, असं काहीतरी कारण शोधावं लागतं.

## टप्पा 1: सात दिवसांची वही

साधी वही पुरते. एका दिवसाला एक पान. दिवस दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असा धरा, म्हणजे रात्र मधेच तुटत नाही. प्रत्येक झोपेसाठी तीन वेळा लिहायच्या: अंथरुणावर कधी ठेवलं, खरोखर झोप कधी लागली, कधी उठलं. रात्री मधे जाग आली तर किती मिनिटांची, हेही लिहा. घड्याळाकडे बघून पाच मिनिटांच्या फरकाने लिहिलं तरी चालतं.

वही एकाच जागी ठेवा आणि पेन दोऱ्याने बांधून टाका. हसू नका. रामबागेतल्या ओवीच्या घरी आई, आजी, काकू अशा तिघींच्या हातात बाळ फिरायचं. पहिले दोन दिवस पेन सापडलं नाही म्हणून आजीच्या मांडीवरच्या झोपा लिहिल्याच गेल्या नव्हत्या.

नेहमीच्या चुका दोन. पहिली, फक्त रात्र मोजणं. ओवीची आई म्हणत होती "जेमतेम सात तास", आणि रात्रीपुरतं ते खरंही होतं. दुसरी चूक म्हणजे अंथरुणावरचा सगळा वेळ झोपेत धरणं. आठला ठेवलं आणि सहाला उठलं म्हणजे दहा तास झोप झाली, असं होत नाही. आजीच्या मांडीवरची वीस मिनिटं, ऑटोतली डुलकी, पिता पिता लागलेली गुंगी, हे सगळं मात्र झोपेतच धरायचं.

ओवीची सात दिवसांची सरासरी अशी निघाली. अंथरुणावर 8 वाजता, झोप 9.35 ला, जाग 5.50 ला. मधे जागरण एकूण सव्वा तास: पिण्यासाठी दोनदा मिळून पंचवीस मिनिटं, आणि तीनच्या सुमाराला पन्नास मिनिटांचा नुसता खेळ. म्हणजे रात्रीची झोप 7 तास. दिवसा सकाळी 50 मिनिटं, दुपारी 1 तास 50 मिनिटं, संध्याकाळी मांडीवर अर्धा तास, मिळून 3 तास 10 मिनिटं. एकूण 10 तास 10 मिनिटं.

## टप्पा 2: आकडा पट्ट्यात बसवून बघा

इथे आया सरासरीशी तुलना करतात आणि घाबरतात. जागतिक आरोग्य संघटना 4 ते 11 महिन्यांच्या बाळासाठी दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास सांगते, 1 ते 2 वर्षांसाठी 11 ते 14. हा झाला बहुतेक बाळांचा पट्टा. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने 2015 मध्ये त्याच्या बाहेर आणखी एक पट्टा आखला, "काही बाळांना हेही पुरतं" असा. 4 ते 11 महिन्यांसाठी तो 10 ते 18 तासांचा आहे आणि 1 ते 2 वर्षांसाठी 9 ते 16. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात शेकडो मुलांच्या झोपेची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. त्यात सहाव्या महिन्याची सरासरी 14 तासांच्या थोडी वर आली, पण सगळ्यात कमी झोपणारी निरोगी बाळं साडेदहाच्या आसपास होती आणि सगळ्यात जास्त झोपणारी अठराच्या. एकाच वयात साडेसात तासांचा फरक! जावेचं बाळ साडेतेरा तास झोपतं याला काही अर्थ उरतो का, तुम्हीच बघा.

आकडा 12 च्या वर असेल तर तासांची काळजी सोडा, पण तिसरा आणि चौथा टप्पा तरीही करा. 10 ते 12 मध्ये असेल तर सगळे टप्पे करा. पूर्ण सात दिवस नीट लिहूनही 10 च्या खाली असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पाचवा टप्पा त्यांना विचारूनच करा. (वर्षावरच्या बाळासाठी 12 च्या जागी 11 आणि 10 च्या जागी 9 धरा.)

ओवी 10 तास 10 मिनिटांवर होती. अगदी कडेला, पण पट्ट्याच्या आत.

## टप्पा 3: बाळाचा दिवस बघा

हा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि लोक हाच गाळतात. झोप पुरतेय का, याचं उत्तर रात्रीपेक्षा दिवस चांगलं देतो. सात दिवसांपैकी कोणतेही तीन दिवस वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहा.

उठताना बाळ कसं असतं? झोप पुरलेलं बाळ डोळे उघडून इकडेतिकडे बघतं, हातपाय झाडतं, हाक मारल्यासारखा आवाज काढतं. न पुरलेलं बाळ रडतच उठतं आणि अर्धा तास कडेवरून उतरत नाही. एखाद्या दिवशी कुणीही असं उठेल. तीनपैकी तीन दिवस तसं होतंय का, ते बघायचं.

दुसरी गोष्ट ऑटोची. झोपेची वेळ नसताना बाळाला ऑटोत किंवा गाडीत बसवलं की ते दर वेळी पाच-दहा मिनिटांत लुढकतं का? पलासियाहून राजवाड्याला जाईपर्यंत टक्क जागं राहून दुकानांचे दिवे बघणारं बाळ झोपेचं भुकेलेलं नसतं.

तिसरी, संध्याकाळ. सगळीच बाळं संध्याकाळी थोडी किरकिरतात. पण पाचपासून झोपेपर्यंत सलग चिडचिड, डोळे चोळणं, खेळणं फेकणं, पिणं अर्धवट सोडणं रोजच होत असेल तर झोप कमी पडतेय.

चौथी गोष्ट टीक्याच्या, म्हणजे लसीकरणाच्या, कार्डावर बघायची. त्यावर वजनाची रेषा असते. बाळाचं वजन स्वतःच्या रेषेला धरून वर जातंय का? रेषा खालची असली तरी चालेल, पण ती सपाट होऊ नये किंवा खाली वळू नये. वयानुसार मान धरणं, बसणं, रांगणं, हाकेला वळणं हेही बघून घ्या.

ओवी तिन्ही दिवस हसत उठली. ऑटोत झोपली नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला वीस मिनिटं कुरकुर, मग पुन्हा खेळ. वजन रेषेवर.

## टप्पा 4: दोन रात्री ऐका

इथे दोन वेगळ्या गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली: बाळ कमी झोपतं, की जास्त बोलावतं? प्रत्येक बाळ रात्री अनेकदा हलकं जागं होतं. बाळांच्या झोपेचा एक फेरा सुमारे 50 ते 60 मिनिटांचा असतो आणि फेरा संपताना झोप पातळ होते. काही बाळं त्या वेळी कूस बदलून परत झोपतात, आईला पत्ताही लागत नाही. काही मोठ्याने हाक मारतात. झोप दोघांची जवळजवळ तेवढीच, फरक स्वभावाचा. ज्या बाळाची प्रत्येक भावना मोठ्या आवाजात बाहेर पडते, भूक लागली की घर डोक्यावर, आनंद झाला की किंकाळी, ते पातळ झोपेतही आवाज करणारच. ज्याच्या कातडीला शर्टाचं लेबल टोचतं त्याला कुकरची शिटीही उठवते.

फोनचा रेकॉर्डर चालू करून पाळण्यापासून दोन हात लांब स्टुलावर ठेवा. सकाळी ऐकताना बघा की आवाज आला आणि तुम्ही बाळाला उचललं, यांत किती वेळ गेला. ओवीच्या घरी तो दहा सेकंद होता. खोलीत तीन माणसं झोपायची, आवाज आला की कुणीतरी दिवा लावायचं. बाळ पुष्कळदा डोळे मिटूनच कुंथतं, हुंकारतं, आणि उचलल्यावर खरं जागं होतं. म्हणून आधी एक-दोन मिनिटं अंधारात नुसतं बघत राहा. डोळे उघडले, रडू चढलं, की मग घ्या. भुकेची जाग असेल तर पाजा, त्याला हरकत नाही.

दुसरी गोष्ट श्वासाची. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरणं, घोरता घोरता आवाज थांबून धाप लागल्यासारखा श्वास, तोंड उघडं, मान मागे टाकून झोपणं, छातीखालचा भाग आत ओढला जाणं, गार खोलीतही मान-डोकं घामाने चिंब. यांतलं काही असेल तर रेकॉर्डिंग डॉक्टरांना ऐकवा आणि पाचवा टप्पा करू नका. श्वासाच्या अडचणीवर वेळापत्रकाचा उपाय चालत नाही.

पायांकडेही लक्ष द्या. चौदा महिन्यांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. वही बघितली तर पावणेबारा तास झोप, एकदम चोख. पण झोप लागताना पाऊण तास लाथा, पाय एकमेकांवर घासणं, रात्रभर अंथरुणात गोल फिरणं, आणि सकाळी चिडका. दिवसाला लिटरभर दूध बाटलीने प्यायचा, पोळी-भाजीला तोंड लावायचा नाही. तळहात पांढुरके. हिमोग्लोबिन 8.6 निघालं. लोहाची कमतरता झोप अस्वस्थ करते, आणि आपल्या देशात ती काही दुर्मीळ नाही: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या दर 100 मुलांत 67 जणांना रक्तक्षय आढळला. दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, लोहाचं औषध सुरू झालं, आणि काही आठवड्यांनी लाथा कमी झाल्या. तासांवर गेलो असतो तर हे मूल सुटलं असतं.

लोहाचं औषध मनाने सुरू करू नका. मात्रा वजनावर ठरते आणि जास्त लोह बाळाला घातक असतं.

## टप्पा 5: अंथरुणाचा वेळ बदलून बघा

आता दुसऱ्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. वहीतून रात्रीचे दोन आकडे घ्या: अंथरुणावर एकूण किती वेळ, आणि त्यातली खरी झोप किती.

दोन्हींत फरक अर्ध्या-पाऊण तासाचाच असेल, आणि बाळाला रोज कुणीतरी उठवत असेल किंवा घरची टीव्ही-जेवणं अकरापर्यंत चालत असतील, तर बाळाला संधी कमी मिळतेय. झोपवण्याची वेळ दर दोन दिवसांनी 15 मिनिटं मागे आणत एक तास लवकर करा. तिथून सात दिवस पुन्हा वही. एकूण झोप अर्ध्या तासाहून जास्त वाढली तर बाळ कमी झोपेचं नव्हतंच, घर उशिरा झोपणारं होतं. आपल्याकडे हे फार दिसतं.

फरक दीड-दोन तासांचा किंवा जास्त असेल, तर उलटं करा. बाळाला जितकी झोप हवी त्याहून जास्त वेळ तुम्ही त्याला आडवं ठेवताय. तो जादा वेळ झोप लागण्याआधी रडण्यात जातो, नाहीतर रात्री तीन वाजता खेळण्यात. ओवी 9 तास 50 मिनिटं अंथरुणावर होती आणि 7 तास झोपत होती. कुठल्यातरी ॲपने "आठ महिने म्हणजे आठ वाजता" सांगितलं होतं. आई दीड तास अंगाई म्हणून थकायची, ओवी रडून.

आम्ही वेळ साडेनऊ केली. तोवर ओवी बाहेरच्या खोलीत, दिवे मंद, खेळ शांत. सकाळची वेळ सहा धरली. त्याआधी उठली तर अंधारच ठेवायचा. (मे-जूनमध्ये इंदूरला पावणेसहाला उजाडतं. खिडकीला जाड पडदा नसेल तर सूर्यच बाळाला उठवतो आणि दोष स्वभावाला जातो. सकाळची डुलकी कचरागाडीच्या गाण्याने मोडत होती, ती मागच्या खोलीत नेली. झोप वाढली नाही, पण उठताना दचकणं थांबलं.)

पहिले तीन दिवस काही फरक नव्हता, आजी म्हणाली, "लेकराला उगाच जागवताय." चौथ्या दिवसापासून तीनची जाग आखडत गेली. दुसऱ्या आठवड्याची सरासरी: झोप 9.50 ला, उठणं 6.05 ला, मधे अर्धा तास. रात्र 7 तास 45 मिनिटं, दिवसा 2 तास 55 मिनिटं. एकूण 10 तास 40 मिनिटं. अंथरुणावरचा वेळ सव्वा तासाने कमी झाला आणि झोप अर्ध्या तासाने वाढली.

सावध: हे करताना दिवसाच्या झोपा तोडू नका. फक्त संध्याकाळची डुलकी साडेपाचच्या पुढे जाऊ देऊ नका. बाळ दिवसा चिडकं झालं तर झोपवण्याची वेळ अर्धा तास लवकर करा. रात्री बाळ पाठीवर, कडक सपाट गादीवर, उशी आणि जाड गोधडीशिवाय. राईची उशीसुद्धा नको. झोळीत रात्रभर ठेवू नका, मान छातीवर दुमडते.

तिसऱ्या आठवड्यात वेळ बदलू नका, नुसतं लिहा. आकडा तिथेच स्थिरावला तर ती बाळाची गरज. ओवी तिसऱ्या आठवड्यात 10 तास 45 मिनिटांवर राहिली.

## टप्पा 6: निकाल कसा लावायचा

बाळ पहिल्यापासून असंच झोपतंय, दिवसा प्रसन्न, वजन रेषेवर, श्वास मोकळा, पाय शांत, आणि संधी देऊनही झोप वाढत नाही. हे सगळं जुळलं तर बाळ कमी झोपेचं आहे आणि त्याला औषध नाही. दर तीन महिन्यांनी चार दिवसांची वही पुरे. यांतलं एक जरी जुळत नसेल तर डॉक्टर, तास कितीही असोत.

डॉक्टरांकडे जाताना "झोपत नाही" असं सांगू नका. तिन्ही आठवड्यांच्या सरासऱ्या एका कागदावर, मागच्या पानावरची दिवसाची नोंद, रेकॉर्डिंगचं सगळ्यात वाईट एक मिनिट आणि टीक्याचं कार्ड, एवढं न्या. ओवी कडेच्या आकड्यावर होती म्हणून डॉक्टरांनी तिचं हिमोग्लोबिन तपासलं. ते 11.4 आलं, आठ महिन्यांना ठीक.

मग प्रश्न उरला आईच्या झोपेचा, कारण बाळ पावणेअकरा तासांवर भागवतं म्हणून आई भागवू शकत नाही. त्यांच्या घरी वाटणी ठरली: सहाला ओवी उठली की आजी तिला घेऊन गच्चीवर, आणि आई साडेसातपर्यंत दार लावून झोपायची. आजी तशीही पाचलाच उठते. तिचे वडीलही चार तासांवर शेत करायचे म्हणे, हे तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं, पहिल्या भेटीत नाही.